महेश्वरीबाईंनी दिलेले पाच स्टार

कळंबला मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर महेश्वरीबाईंचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, आधारची दुरुस्ती, सगळं तिथं होतं. पण तालुक्यात त्यांचं नाव झालं ते निराळ्याच कामामुळं. कुणीतरी वापरून टाकलेले मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्त करून, पुसूनपासून, नव्यासारखे म्हणून विकणाऱ्या ज्या वेबसाइट आहेत, त्यांतली कुठली सरळ आणि कुठली बनेल हे बाई सांगतात. खरं तर बनेल कुठली तेवढंच सांगतात. सरळ आहे असं त्यांनी कुणाविषयी म्हटल्याचं कळंबात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

गिऱ्हाईक मोबाइल पुढं करायचं आणि खुशीत सांगायचं, "मॅडम, ही साइट बघा की. एक वर्साची वॉरंटी देतेत."

"देतेत व्हय? कोण देतंय?"

"साइटच देती की."

"साइट म्हंजी तुमचा मेव्हणा हाय का? नाव सांगा. लॅपटॉप बनवणारी कंपनी देती, साइट देती, का त्या साइटवर दुकान मांडून बसलेला इकणारा देतो? तिघं तीन वाटंचे हायत. उद्या पडदा गेला तर कुणाच्या दारात जाणार?"

मग बाई स्वतःच ती वॉरंटीची पाटी दाबून आतला मजकूर काढायच्या आणि एकेका ओळीवर थुंकल्यासारखं वाचायच्या. वॉरंटी विकणाऱ्याची. त्यात बॅटरी नाही, चार्जर नाही, पडदा नाही, बिजागरी नाही. वस्तू आपल्या खर्चानं दिल्लीला पाठवायची. तिथं ती तपासायची की नाही, बदलायची की नाही, हे विकणाऱ्याच्या मर्जीवर. "मग ऱ्हायलं काय? खोका? खोक्याची वॉरंटी हाय तुमाला वर्सभर. जावा, घ्या."

स्टार बघून भुलणाऱ्याला तर बाई माणसातच धरत नसत. चार पॉइंट आठ म्हणून कुणी आनंदानं दाखवलं की त्या आधी किती जणांनी दिलेत ते बघायच्या. बारा जणांनी. "बारा जण तर त्याच्या घरातच निघतेल. चुलते धरले तर वीस." पाच स्टारवाल्यांनी काय लिहिलंय ते त्या वाचतच नसत, ते विकणाऱ्याच्या आईनं वाचावं म्हणायच्या. आपण एक आणि दोन स्टारवाले आधी वाचायचे, तेही तारखा बघून. एकदा तर लॅपटॉपच्या पानावर लोकांनी लिहिलेलं होतं, 'कव्हरचा रंग झकास, हातात छान बसतं.' बाई इतक्या हसल्या की शेजारचा झेरॉक्सवाला उठून आला. त्या भामट्यानं आधी मोबाइलची कव्हरं विकून स्टार गोळा केले होते आणि मग त्याच पानावर कव्हर काढून लॅपटॉप चिकटवला होता. आणि गिऱ्हाईक कोण, तर बी.ए.ला पहिला आलेला मुलगा. बाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की पोरगा त्या वर्षी पुन्हा दुकानात आला नाही.

तुच्छता हा बाईंचा पिंडच होता, आणि तो त्यांनी लपवलाही नव्हता. 'प्रश्न न विचारता परत' असं मोठ्या अक्षरात लिहिणारे आणि खाली मुंगीच्या अक्षरात पैसे परत नाहीत, फक्त दुसरा नग, नग नसेल तर कूपन, असं लिहिणारे व्यापारी त्यांना जेवढे नीच वाटत, तेवढेच ती मुंगीची अक्षरं न वाचणारे लोक मूर्ख वाटत. नवरा बिचारा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. घरात त्याचंही रेटिंग फारसं बरं नव्हतं.

अशा बाईंकडं भाद्रपद लागल्यावर त्यांचा धाकटा भाऊ बालाजी ढोकीहून आला. संगं त्याची मुलगी करिश्मा. पोरीला पुण्याच्या एका ऑफिसनं घरबसल्या काम देऊ केलं होतं. दवाखान्यांची बिलं तपासायची, पगार महिन्याला. तीन ठिकाणांहून नकार आल्यावर मिळालेलं हे पहिलं काम. अट एकच: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं, ते स्वतःचा लॅपटॉप घेऊन, आणि तोही अमक्या ताकदीचाच. नसेल तर यादीतल्या पुढच्याला घेतो, असं त्या ऑफिसनं गोड आवाजात कळवलं होतं. नवा घ्यायची ऐपत नव्हती. दोन शेरडं विकून जुना येण्याजोगा होता.

बालाजीनं एक साइट आधीच शोधून ठेवली होती. "अक्का, निम्म्या किमतीत देतेत. आन् कंपनीची वॉरंटी हाय बग, एक वर्साची."

"ही मॉडेल कवा निगाली ठावं हाय का तुला? पाच वर्सं झाली. कंपनीची वॉरंटी कवाच मेली. ह्यानं काय तिला उठवून बसवली का?" बाईंनी त्याच्यासमोरच विकणाऱ्याला चॅटवर लॅपटॉपचा सिरियल नंबर मागितला. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तो नंबर टाकला की वॉरंटी आहे की संपली हे तिथल्या तिथं कळतं. विकणाऱ्यानं उत्तर दिलं, नंबर माल पोचल्यावर मिळेल, फोटो केवळ नमुन्यादाखल आहेत. "बग. नवरी दाखवा म्हणलं तर म्हणतोय वरात आल्यावर बगा." बालाजी कान खाजवत राहिला. करिश्मा मात्र फुटकन हसली, आणि बाईंना ती पोर पहिल्यांदाच थोडी बरी वाटली.

म्हणून त्यांनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं सोपं असतं. हो म्हणायची वेळ आली तेव्हा बाईंनाही घाम फुटला. चार संध्याकाळी त्यांनी साइट चाळल्या, शिव्या घातल्या, तक्रार-अधिकाऱ्याचे दिलेले नंबर फिरवून बघितले. कुठं नंबर अस्तित्वात नव्हता, कुठं कोंबड्यांच्या खाद्याची एजन्सी लागली. शेवटी एक उरली. तिचं नाव इथं घ्यायचं कारण नाही, तेवढी तिची लायकी नाही.

पण कागदावर ती चांगली होती. वॉरंटी साइटची स्वतःची, सहा महिने, आणि कशाकशाची ते लिहिलेलं: मदरबोर्ड, पडदा, कीबोर्ड, बॅटरीची तीन महिने. नेण्या-आणण्याचं कुरियर त्यांच्या खर्चानं. सात दिवसांत परत केलं तर पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात, कूपन-बिपन नाही. झाकणावर ओरखडे किती असतील हेसुद्धा सांगितलेलं. तक्रार-अधिकाऱ्याचा फोन लागला आणि चक्क माणसानं उचलला. ढोकीच्या पिनकोडवर परत न्यायची सोय नव्हती, कळंबच्या होती. म्हणून बाईंनी पत्ता दुकानाचाच दिला.

आणि स्टार. चार पॉइंट दोन, हजारोंनी दिलेले. वाईट बोलणारेही भरपूर. त्यातल्या पुष्कळांनी आधी एक स्टार दिला होता आणि मागाहून बदलून पाच केले होते: 'अडचण सोडवली, टीमचे आभार.' बाईंना हेच सगळ्यात आवडलं. "चुकतेत, पर सुदारतेत," त्या बालाजीला म्हणाल्या. एवढं कौतुक त्यांनी स्वतःच्या लग्नातही कुणाचं केलं नसेल. त्यांनी स्वतःच्या खात्यावरून ऑर्डर टाकली.

पार्सल आलं तेव्हा दुकानात ई-पीक पाहणीवाल्यांची झुंबड होती आणि वीज येऊन-जाऊन होती. बाईंची इच्छा पार्सल दुकानातच उघडायची. बालाजी म्हणाला, आईला बघायचंय, घरी उघडतो. बाईंनी त्याला दारात उभं करून शाळेतल्या पोरासारखं बजावलं. "आजच उघड. फोडताना व्हिडिओ कर, मधी थांबवू नगं. चालू करून नेटला जोड. परत करायचे सात दिवस आजपासून मोजतेत. तुज्या सवडीपासून न्हाय, समजलं का?"

"समजलं की अक्का."

दोन दिवसांनी बाईंनी फोन केला. "चालतंय का रं?"

"झ्याक चालतंय."

अनोळखी विकणाऱ्यानं 'झ्याक' म्हटलं असतं तर बाईंनी त्याचा पाच पिढ्यांचा हिशोब मागितला असता. भावाचं त्यांनी घेतलं. सख्खा असला म्हणून काय झालं, हे त्यांना मागाहून सुचलं.

घटस्थापनेच्या दिवशी दुपारी करिश्माचा फोन आला. पोरीचा आवाज असा होता की बाईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, स्कूटी काढली आणि सरळ ढोकी गाठली.

घरात घट बसलेला. घटाशेजारी पाटावर लॅपटॉप. त्याच्या झाकणाला हळदीकुंकवाची पाच बोटं, कीबोर्डवर अक्षता, शेजारी फोडलेला नारळ. पडद्यावर मात्र कुठल्यातरी मोठ्या कंपनीचं नाव आणि खाली मजकूर: आपलं स्वागत आहे, आपला ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड टाका. त्यापलीकडं काही जात नव्हतं.

बाईंची आई म्हाळसाबाई कौतुकानं पडद्याकडं बघत होती. करिश्मानं तिला वाचून दाखवलं होतं. "स्वागत करतंय की गं. मग वंगाळ काय हाय त्यात?"

"आई, ते आपलं न्हाय करत. ज्याचं हुतं त्याचं करतंय." बाईंनी लॅपटॉप पुसून पुन्हा पहिल्यापासून चालू केला. नेट जोडलं की तेच नाव, तेच स्वागत. मोठ्या कंपन्या असले लॅपटॉप शेकड्यानं भंगारात काढतात. काढताना आपल्या नोंदीतून त्यांचा नंबर उडवायचा असतो. ह्याचा उडवलेला नव्हता. आतून कितीही धुवा, नेट मिळालं की ते जुन्या मालकाच्या गोठ्याकडंच तोंड करून उभं राहणार. तो मालक स्वतः सोडेपर्यंत सुटका नाही. साइटच्या ज्या कुणी 'बत्तीस तपासण्या' केल्या म्हणून लिहिलं होतं, त्यानं बत्तिसात एकदाही नेट जोडून बघितलं नव्हतं.

"हे तर पयल्याच दिवशी कळाय पायजे हुतं," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर अक्षतांवर गेली. "बालाजी, हे पार्सल कवा फोडलंस?"

बालाजी घटाकडं बघायला लागला.

म्हाळसाबाईनंच सांगून टाकलं, अगदी शांतपणे. "आज फोडलं. पितर चालू हुते, त्यात नवी वस्तू कोण उगडतं? पंदरा दिस फळीवर ठिवलं. आज घट बसला, मग पूजा केली."

"नवी?" बाईंचा आवाज गल्लीत गेला. "आई, नवी कुठं हाय ती? पाच वर्सं कुणीतरी बडवून बडवून टाकलेली हाय! जुन्या वस्तूला कसले पितर?"

"मंग तूच म्हणलीस ना, नव्यावाणी हाय म्हणून?"

बाई भावाकडं वळल्या. आता त्याची बारी होती. पण बालाजी नेहमीसारखा कान खाजवत बसला नाही. "अक्का, तुला खरं सांगितलं असतं तर तू आईला झोडपलं असतंस, मला झोडपलं असतंस, वर पितरांनाबी सोडलं नसतंस. म्हणून झ्याक म्हणलं. तुज्याशी कुणी खरं बोलतंय का?"

खेडवळ, अडाणी, मुहूर्तखोर माणसं, असं बाई स्कूटीवर बसेपर्यंत बडबडत होत्या. पण बालाजीचं ते वाक्य त्यांना बोचलं होतं. ते बोचलेलं त्यांना मुळीच आवडलं नाही. करिश्मा फाटकापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "आत्या, दसऱ्यापतोर व्हईल का?"

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी साइटला धरलं. साइटच्या फोनवरच्या पहिल्या पोरानं हिंदीतून माफी मागितली आणि सांगितलं, परतीची मुदत डिलिव्हरीच्या तारखेपासून, ती संपली. बाईंनी व्हिडिओ पाठवला, सील कालपर्यंत शाबूत होतं म्हणून. त्या व्हिडिओत निम्मा वेळ म्हाळसाबाईची आरती होती. समोरच्यानं तो बघून विचारलं, मॅडम, ही पूजा नवरात्राची ना? म्हणजे मुदतीनंतरचीच. बाईंना कधी नव्हे ते समोरच्याची बुद्धी दिसली आणि तिचाही राग आला.

मग वॉरंटी. वॉरंटी भागांची, पोरगा म्हणाला. भाग सगळे चालू आहेत, पडदा दिसतो, बटणं दाबतात. अकाउंटचं कुलूप हा भाग नव्हे. बाईंनी कागद पुन्हा उघडला. खरंच, मदरबोर्ड, पडदा, कीबोर्ड. जी यादी बघून त्या खूश झाल्या होत्या, त्याच यादीनं त्यांना बाहेर ठेवलं होतं. त्या भांडल्या: वापरताच येत नाही ती वस्तू विकलीच कशी, मुदतीचा प्रश्न येतोच कुठं? तक्रार-अधिकाऱ्यालाही लिहिलं. सरकारी ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली; तिथल्या बाईनं नीट ऐकून घेतलं, क्रमांक दिला आणि कंपनीच्या उत्तराला वेळ लागतो असं प्रामाणिकपणे सांगितलं. न्याय बाईंच्या बाजूनं होता, ह्यात त्यांना शंका नव्हती. पण न्यायाला दसऱ्याची घाई नव्हती.

बाईंनी मग साइटवर एक स्टार टाकला आणि खाली असं काही लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत तिखट जावं. तासाभरात फोन आला. ह्या वेळी पोरगा नव्हता, कुणीतरी वरचा, आवाजाला तूप लावलेला.

"मॅडम, आपकी दिक्कत हम समझते हैं." आणि मग त्यानं सांगितलं. नियमानं काही होत नाही. पण केवळ माणुसकी म्हणून दुसरा लॅपटॉप पाठवू, हा परत नेऊ, सगळं आमच्या खर्चानं. फक्त एक विनंती. तो रिव्ह्यू बदलायचा. पाच स्टार. चार ओळी तरी हव्यात, गावाचं नाव हवं, फोटोही टाकला तर उत्तम. बदलला की त्याच दिवशी नवा नग निघेल.

"आन् न्हाय बदलला तर?"

"फिर तो मॅडम, पॉलिसी."

फोन ठेवून बाईंनी साइटवरचे रिव्ह्यू पुन्हा उघडले. 'अडचण सोडवली, टीमचे आभार.' आधी एक, मग पाच. आधी एक, मग पाच. पान भरून तेच. ह्यातल्या प्रत्येकाच्या घरी एकेक कुलूपबंद लॅपटॉप, एकेक तुपाचा फोन. आणि हे बघून त्या म्हणाल्या होत्या, चुकतेत पर सुदारतेत. जगाला गाढव म्हणता म्हणता त्यांनी सगळ्यात मोठा लगाम स्वतःच्या तोंडात घालून घेतला होता. बाईंना स्वतःची इतकी किळस आली की समोर बसलेल्या माणसाला त्यांनी आधारची दुरुस्ती न करताच घालवून दिलं.

करिश्मा त्या दिवशी दुकानातच होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "आत्या, म्या लिहिते. खोटं माझ्या नावावर जाऊ दे."

"ऑर्डर माज्या खात्यावर हाय. माजंच नाव लागतंय." बाईंनी कीबोर्ड पुढं ओढला. "आन् तुला कशाला खोट्याची सवय? तू बिलं तपासणार हायस."

त्यांनी आधी 'माल मिळाला' एवढंच लिहून पाच स्टार दिले. वरच्याचा मेसेज आला, मॅडम जरा सविस्तर. मग बाई लिहीत गेल्या, एकेका शब्दाला नाक मुरडत: 'मी कळंबमध्ये अनेक वर्षे लोकांना अशा साइट तपासून देते. सहसा कुणाची शिफारस करत नाही. वॉरंटी आणि परतीच्या अटी स्पष्ट आहेत. अडचण आली, ती सोडवली. विश्वासाने घ्यावे.' खाली नाव. सोबत लॅपटॉपचा फोटो, झाकणावरचं हळदकुंकू पुसून काढलेला. शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. पण अर्धवट खोटं लिहिलं आणि तेवढ्यासाठी नग अडकला तर, म्हणून त्यांनी पुरतं लिहिलं.

वरचा शब्दाला जागला, हे मान्य केलं पाहिजे. लाच घेणाऱ्यांतही काही नेमाचे असतात. नवा नग दसऱ्याच्या आधी आला. दुकानातच फोडला, नेटला जोडला, कुणाचं स्वागत-बिगत आलं नाही. म्हाळसाबाईनं दसऱ्याला त्याचीही पूजा केली, आणि दुसऱ्या दिवशी करिश्मा कामावर हजर झाली. पहिल्या आठवड्यातच तिनं कुठल्याशा दवाखान्याच्या बिलात एकच इंजेक्शन दोनदा लावलेलं पकडलं. ते सांगताना पोरीच्या आवाजात जी धार होती ती बाईंना ओळखीची वाटली आणि बरी वाटली.

तो रिव्ह्यू पुन्हा एक स्टारवर आणायचा, हे बाईंनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. बोट बटणावर नेलंही. मग त्यांना आठवलं, वॉरंटी सहा महिन्यांची आहे. उद्या पोरीचा पडदा गेला तर तोच तुपाचा आवाज फोन उचलणार, आणि तो आधी रिव्ह्यू काढून बघणार. बाईंनी बोट मागं घेतलं. वॉरंटी संपली की बघते एकेकाला, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. लोकांना त्या सांगत असत की वॉरंटी विकणाऱ्याची मान धरायला असते. ही मात्र त्यांच्याच मानेवर बसली होती.

दिवाळी झाली आणि येरमाळ्याचे गौरीशंकर गुरुजी दुकानात आले. शिकवणीचा क्लास चालवणारा माणूस, घासून घासून पैसा खर्च करणारा. क्लासला एकदम सहा लॅपटॉप घ्यायचे होते. त्यांनी मोबाइलवर साइट उघडूनच आणली होती. तीच.

"मॅडम, आता तपासून देऊ नका, नुसती ऑर्डर टाका," गुरुजी हसत म्हणाले. "तुमीच लिव्हलंय की हितं. कळंबच्या महेश्वरीबाई तुमीच ना? विश्वासानं घ्यावं, असं."

"गुरुजी, घेऊ नका."

"ऑं?"

बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. कुलूप, पितर, बत्तीस तपासण्या, तुपाचा फोन, पाच स्टार. काही राखून ठेवलं नाही, स्वतःलाही नाही. आयुष्यात इतकं सरळ त्या गिऱ्हाइकाशी कधी बोलल्या नव्हत्या. गुरुजींनी मान डोलावत ऐकलं आणि शेवटी मोठ्यांदा हसले.

"मॅडम, राग मानू नका, पर तुमी आजपतोर कुणाला बरं म्हणलाय का? म्या दोन मोबाइल दाखवले, दोनीला नावं ठिवलीत. आमचा भाऊ फ्रीज घेऊन आला, त्यालाबी ठिवलीत. पयल्यांदा कुणाला तरी चांगलं म्हणलात, तेबी लिव्हून, नाव घालून. म्हणून तर मला इश्वास बसला. आता तोंडानं नावं ठिवताय, ती तर तुमची सवयच हाय. का ऑर्डरीची फी वाढवून पायजे?"

"गुरुजी, ते लिव्हलेलं खोटं हाय. म्या शपथ घेते."

"असू द्या, असू द्या," गुरुजी मोबाइल खिशात घालत म्हणाले, अगदी आदरानं, एखाद्या भांडखोर म्हाताऱ्या बाईची समजूत काढावी तसं. "तुमाला टाकायची नसंल तर शेजारी टाकतो."

ते शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. मधली भिंत पत्र्याची होती. बाई काउंटरशी बसून राहिल्या, समोर विम्याचा अर्ज अर्धा भरलेला. पत्र्याच्या पलीकडून झेरॉक्सवाल्यानं त्यांचंच लिहिलेलं, अडखळत, मोठ्यानं वाचलेलं त्यांना ऐकू आलं: सहसा कुणाची शिफारस करत नाही. विश्वासाने घ्यावे.

"ही बाई म्हणती का असं?" झेरॉक्सवाला म्हणाला. "मग टाका गुरुजी, सहाच्या सहा टाका. ही बाई खोटं-खोटं चांगलं कवा बोलायची न्हाय."